मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या अरबी निबंधांतील चुका

मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या अरबी निबंधांतील चुका म्हणजे मराठी मातृभाषा असलेल्या व्यक्ती आधुनिक प्रमाण अरबीत स्वतंत्र लेखन करताना ज्या चुका वारंवार करतात त्या चुका होत. अरबी शिक्षणपरंपरेत निबंधलेखनास *इन्शा* किंवा *तअ़बीर* असे म्हणतात. या चुकांपैकी काही मराठीच्या वाक्यरचनेतून, काही देवनागरीच्या लेखनसवयींतून, तर काही मराठीत पूर्वीच रुळलेल्या अरबी शब्दांच्या बदललेल्या अर्थांतून उद्भवतात. प्रस्तुत लेखात या चुकांचे प्रमुख प्रकार आणि निबंध तपासताना त्या खुणावण्याची, मोजण्याची व दुरुस्त करण्याची एक पद्धत दिली आहे.

## लेखनाविषयी

या लेखात अरबी उदाहरणे देवनागरीत दिली आहेत. त्यांत *ह़* हे ह़ा या कंठ्य अक्षरासाठी, *स़* हे स़ादसाठी, *त़* हे जड त़ासाठी, *द़* हे द़ादसाठी आणि *थ़* हे थ़ासाठी वापरले आहे. *अ़* व *इ़* यांतील नुक्ता ऐन हे अक्षर दर्शवितो. नुक्ता नसलेला आद्य स्वर हम्ज़ा समजावा. *ज़* हे चिन्ह ज़ाय, ज़ाल आणि ज़ा या तिन्ही अक्षरांसाठी आहे. शब्दाच्या शेवटी येणारे *उ*, *अ*, *इ* हे अरबीतील तीन विभक्तींचे स्वर असून *उन*, *अन*, *इन* ही त्यांची अनिश्चित रूपे आहेत. *अल्-* हे निश्चिततादर्शक उपपद आहे. त्यातील *ल्* काही अक्षरांपूर्वी पुढील व्यंजनात मिसळतो, म्हणून *अन्-नह्रु*, *अत़्-त़रीक़ु* अशी रूपे दिसतात.

## पार्श्वभूमी

परभाषा शिकणाऱ्याच्या चुका हा केवळ निष्काळजीपणाचा परिणाम नसून त्याच्या मनात तयार होत असलेल्या नियमव्यवस्थेचा तो पुरावा आहे, ही मांडणी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन पिट कॉर्डर यांनी १९६७ साली केली. नियम ठाऊक असूनही हातून घडणारी *चूकभूल* आणि नियमच ठाऊक नसल्यामुळे किंवा चुकीचा कळल्यामुळे होणारी *चूक* यांत त्यांनी भेद केला. विद्यार्थ्याच्या या मधल्या टप्प्यावरील भाषेला लॅरी सेलिंकर यांनी १९७२ साली *आंतरभाषा* ही संज्ञा रूढ केली. पुढे दिलेली तपासणीपद्धत मुख्यतः या दोन कल्पनांवर आधारलेली आहे.

मराठी मातृभाषा असलेले सर्व विद्यार्थी अरबीकडे एकाच वाटेने येत नाहीत. काहींना अरबी लिपीचा पूर्वपरिचय नसतो. ते देवनागरीतून थेट अरबीकडे वळतात. काहींना उर्दूमुळे किंवा कुराणपठणामुळे लिपी अवगत असते. पहिल्या गटाच्या चुका अक्षरओळखीपासून सुरू होतात. दुसऱ्या गटाला अक्षरे सहज वाचता येतात, परंतु उर्दूतील लेखनरूढी आणि शब्दार्थ तो अरबीत आणतो. निबंध तपासण्यापूर्वी विद्यार्थी कोणत्या गटातील आहे हे शिक्षकास ठाऊक असल्यास एकाच चुकीचे वेगळे कारण ओळखता येते.

## चुकांचे प्रमुख प्रकार

### अक्षर व स्वरलेखन

मराठीत *स* हा एकच दंत्य घर्षक आहे. अरबीत सीन, स़ाद आणि थ़ा ही तीन स्वतंत्र अक्षरे आहेत. तसेच *त* व *त़*, *ह* व *ह़*, *क* व *क़* या जोड्यांतील भेद मराठी कानाला सुरुवातीस जाणवत नाही. ऐकून लिहिलेल्या शब्दात त्यामुळे जवळचे अक्षर येते. *स़ैफ़* म्हणजे उन्हाळा, तर *सैफ़* म्हणजे तलवार. *तीन* म्हणजे अंजीर, तर *त़ीन* म्हणजे चिखल. *क़ल्ब* म्हणजे हृदय, तर *कल्ब* म्हणजे कुत्रा. उन्हाळ्याच्या सुट्टीवरील निबंधात तलवार आली तर ती चूक लगेच दिसते.

ऐन आणि हम्ज़ा यांतील गोंधळ याहून चिवट असतो, कारण मराठीत आलेल्या अरबी शब्दांतून ऐन पूर्णपणे लोपला आहे. *इमारत* हा मराठी शब्द अरबी *इ़मारा* यापासून आला आहे व त्याचा अर्थही तोच आहे. परंतु विद्यार्थ्याने तो हम्ज़ाने लिहिला की *इमारा* म्हणजे ‘अमिरात’ असा शब्द तयार होतो. *अ़मल* म्हणजे काम, आणि *अमल* म्हणजे आशा.

स्वरांच्या बाबतीत देवनागरीची एक सवय आड येते. मराठी लेखननियमानुसार शब्दाच्या शेवटचे इकार व उकार सामान्यतः दीर्घ लिहिले जातात आणि उच्चारही तसाच होतो. अरबीत मात्र शब्दान्ती ऱ्हस्व स्वर सर्रास येतो व तो अक्षराने लिहिला जात नाही. त्यामुळे *अन्ति* (तू, स्त्रीलिंगी) हा शब्द मराठीभाषक विद्यार्थी शेवटी या हे अक्षर जोडून *अन्ती* असा लिहितो, आणि *बिहि* (त्याने, त्यासह) याचे *बिही* होते. उर्दूतून आलेल्या विद्यार्थ्यांत ही चूक कमी, पण शब्दान्तीच्या या अक्षराखालील दोन टिंबे गाळण्याची चूक अधिक आढळते, कारण उर्दूत त्या ठिकाणी टिंबे देत नाहीत. अरबीत टिंबे नसलेले ते चिन्ह बहुधा *अलिफ़ मक़्सूरा* समजले जाते आणि शब्द बदलू शकतो.

### ‘आहे’चा अनुवाद

मराठी वाक्य ‘घर मोठे आहे’ हे क्रियापदाशिवाय अपुरे वाटते. अरबीत वर्तमानकाळी अशा नामवाक्यात क्रियापद नसते: *अल्-बैतु कबीरुन*. ‘आहे’ची पोकळी भरण्यासाठी विद्यार्थी दोन उपाय करतो. एक, *कान* (होता) या क्रियापदाचे वर्तमानरूप घालून *अल्-बैतु यकूनु कबीरन* असे लिहितो. दोन, सर्वनाम घालून *अल्-बैतु हुव कबीरुन* असे लिहितो.

ही दोन्ही रूपे सरसकट निषिद्ध आहेत असे सांगितल्यास नवी चूक निर्माण होते. दोन्ही पदे निश्चित असतील तेथे सर्वनाम उचितच असते: *अह़मदु हुव अल्-मुदीरु* (अहमद हा संचालक आहे). *यकूनु* हेही भविष्यकाळी, नेहमीची स्थिती सांगताना किंवा *अन* या अव्ययानंतर योग्य ठरते. म्हणून दुरुस्ती करताना ‘*यकूनु* नको’ असे न लिहिता ‘वर्तमानातील साधे विधान, दुसरे पद अनिश्चित’ अशी अट दाखवावी लागते.

याच रचनेची दुसरी बाजू उपपदाची आहे. मराठीत निश्चिततादर्शक उपपद नाही. विद्यार्थी दोन्ही शब्दांना *अल्-* लावून *अल्-बैतु अल्-कबीरु* असे लिहितो. हे व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, पण ते वाक्य नसून ‘ते मोठे घर’ असा शब्दसमूह आहे. अरबी वाचक पुढील विधानाची वाट पाहत राहतो.

### षष्ठी-संबंध (इज़ाफ़ा)

‘शाळेचे दार’ याचे अरबी रूप *बाबु अल्-मद्रसति* असे होते. येथे क्रम उलटा असतो, ‘चे’ या प्रत्ययाचे काम दुसऱ्या शब्दाची विभक्ती करते, आणि पहिल्या शब्दाला *अल्-* लागत नाही. दुसरा शब्द निश्चित असल्यामुळे संपूर्ण समूह निश्चित ठरतो. क्रम उलटण्याची सवय विद्यार्थ्याला लवकर लागते. टिकून राहणारी चूक पहिल्या शब्दावरील उपपदाची असते: *अल्-बाबु अल्-मद्रसति*. मनातील अर्थ ‘ते दार’ असा निश्चित असल्याने तो निश्चिततेची खूण त्या शब्दावरही करतो.

विशेषण आल्यावर अडचण वाढते. ‘शाळेचे मोठे दार’ लिहिताना मराठीभाषक विद्यार्थी विशेषण दाराच्या लगत ठेवू पाहतो आणि समूह तुटतो. अरबीत संबंधाच्या दोन पदांमध्ये विशेषण येत नाही. ते समूहानंतर येते: *बाबु अल्-मद्रसति अल्-कबीरु*. ते दाराचे आहे की शाळेचे, हे लिंग व विभक्तीवरून कळते. *अल्-कबीरति* असे लिहिल्यास अर्थ ‘मोठ्या शाळेचे दार’ असा होतो.

### लिंग व वचनाचा मेळ

मराठीत तीन लिंगे आहेत, अरबीत दोन. नपुंसकलिंगी मराठी शब्दांबाबत विद्यार्थी सावध असतो, कारण तेथे त्याला अरबी लिंग मुद्दाम पाठ करावे लागते. गफलत होते ती मराठीत स्पष्ट पुल्लिंगी वा स्त्रीलिंगी असलेल्या शब्दांत. ‘नदी’ स्त्रीलिंगी, पण *नह्र* पुल्लिंगी. ‘सूर्य’ व ‘हात’ पुल्लिंगी, पण *शम्स* व *यद* स्त्रीलिंगी. शेवटच्या दोन शब्दांत स्त्रीलिंगाची बाह्य खूणही नाही.

मानवेतर वस्तूंचे अनेकवचन अरबीत स्त्रीलिंगी एकवचन मानले जाते: *अल्-कुतुबु जदीदतुन* (पुस्तके नवी आहेत). मराठीत ‘पुस्तके नवी’ असा अनेकवचनाचा मेळ असल्याने विद्यार्थी *जदीदून* असे मानवांसाठी राखीव रूप वापरतो. *जुदुद* हे तुटक अनेकवचन मात्र अशा ठिकाणी आढळते. ते चूक धरू नये.

क्रियापदाच्या मेळात मराठीची एक विशेष रचना प्रभाव टाकू शकते. ‘मुलाने चिठ्ठी लिहिली’ या वाक्यात क्रियापद कर्त्याशी नव्हे तर कर्माशी जुळते. अरबीत ते नेहमी कर्त्याशी जुळते: *कतब अल्-वलदु रिसालतन*. विद्यार्थ्याने *कतबत* असे स्त्रीलिंगी रूप लिहिले असेल तर कारण शोधण्याची सोपी कसोटी आहे. ‘मुलगा गेला’, ‘मुलगी आली’ अशा अकर्मक वाक्यांत त्याचा मेळ अचूक असेल आणि भूतकाळी सकर्मक वाक्यांतच चुकत असेल, तर मूळ मराठी कर्मणी रचनेत आहे. दोन्हीकडे चुकत असेल, तर क्रियापदाची रूपेच पक्की नाहीत.

### ‘ला’ प्रत्ययाचे तीन मार्ग

मराठीतील ‘ला’ कर्म, गंतव्य आणि ज्याला उद्देशून बोलले वा दिले ती व्यक्ती, अशा तिन्ही नात्यांसाठी वापरला जातो. अरबीत ही नाती वेगळी होतात. ‘त्याला विचारले’ याचे *सअल्तुहु* होते, अव्ययाशिवाय. ‘मुंबईला पोहोचलो’ यात *इला* हे अव्यय येते. ‘त्याला म्हणालो’ याचे *क़ुल्तु लहु* असे *लि* अव्ययासह होते. एकच प्रत्यय गृहीत धरून विद्यार्थी बहुधा *इला* सर्वत्र वापरतो आणि *सअल्तु इलैहि* असे लिहितो. कोणते क्रियापद कोणते अव्यय घेते हे नियमाने निघत नसल्याने ते क्रियापदाबरोबरच पाठ करावे लागते.

मराठीची रचना येथे साहाय्यकही ठरते. इंग्रजीतल्याप्रमाणे मालकीचे स्वतंत्र क्रियापद मराठीतही नाही आणि अरबीतही नाही. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ यावरून *इ़न्दी किताबुन* ही रचना मराठीभाषकास सहज साधते.

### ओळखीचे शब्द, बदललेले अर्थ

मराठीत बहामनी काळापासून फारसीमार्फत आलेले अनेक अरबी शब्द आहेत. ते विद्यार्थ्याला आधार वाटतात, परंतु त्यांपैकी कित्येकांचा अर्थ प्रवासात बदलला आहे. निबंधांत घात करणारे काही शब्द पुढीलप्रमाणे आहेत.

| मराठी शब्द | अरबी मूळ | आधुनिक अरबीतील अर्थ | अभिप्रेत अर्थाचा अरबी शब्द |
|---|---|---|---|
| गरीब | ग़रीब | विचित्र, परका | फ़क़ीर |
| तक्रार | तक्रार | पुनरावृत्ती | शक्वा |
| अर्ज | अ़र्द़ | सादरीकरण, रुंदी | त़लब |
| दौलत | दौला | राज्य, राष्ट्र | थ़र्वा |
| कायदा | क़ाइ़दा | नियम, पाया, तळ | क़ानून |
| वकील | वकील | प्रतिनिधी, मुखत्यार | मुह़ामी |
| जिल्हा | द़िल्अ़ | बरगडी, भूमितीतील बाजू | देशानुसार भिन्न. अनेक देशांत मुह़ाफ़ज़ा |

या शब्दांची विशेष अडचण अशी की वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहते आणि पुष्कळदा अर्थपूर्णही वाटते. कॉर्डर यांनी अशा चुकांना प्रच्छन्न चुका मानले आहे. त्या केवळ वाक्य पाहून नव्हे, तर लेखकाला काय म्हणायचे होते हे ताडून पाहिल्यावरच सापडतात.

## तपासणीची पद्धत

### खुणा

निबंध एक ओळ सोडून लिहून घेतल्यास खुणा करण्यास जागा राहते. शंभर ते सव्वाशे शब्दांचा निबंध या पद्धतीस पुरेसा असतो. शिक्षक प्रथम निबंध लेखणी हाती न घेता पूर्ण वाचतो, जेणेकरून आशय आधी समजेल. दुसऱ्या वाचनात चुकीचा शब्द अधोरेखित करून समासात पुढीलपैकी एक खूण लिहिली जाते:

* ले – अक्षर वा स्वरलेखन
* आ – ‘आहे’चा अनुवाद, नामवाक्याची रचना
* जो – षष्ठी-संबंध (जोडसंबंध) व त्यातील उपपद
* मे – लिंग, वचन वा क्रियापदाचा मेळ
* वि – विभक्ती किंवा अव्यय
* श – शब्दार्थ

खुणांची संख्या सहाहून फारशी वाढवू नये. चुकांचे वर्गीकरण संशोधनासाठी अधिक सूक्ष्म असू शकते. लीड्स विद्यापीठात तयार झालेल्या अरबी विद्यार्थी-लेखनसंग्रहासाठी २९ प्रकारांची यादी वापरण्यात आली. वर्गातील विद्यार्थ्याला मात्र खूण पाहताक्षणी नियम आठवणे आवश्यक असते.

### काय सुचवावे, काय सांगावे

*आ*, *जो* आणि *मे* या खुणांच्या चुका नियमबद्ध असतात. तेथे शिक्षक योग्य रूप लिहीत नाही. खूण पाहून विद्यार्थ्याने ते स्वतः काढावयाचे असते. मात्र शब्दाचे अरबी लिंगच ठाऊक नसल्यामुळे *मे*ची चूक झाली असेल, तर लिंग लिहून द्यावे व रूप विद्यार्थ्यावर सोपवावे. *श* आणि अव्ययासंबंधीची *वि* यांचे उत्तर नियमातून निघत नाही, म्हणून तेथे योग्य शब्द समासात लिहून दिला जातो. *ले*च्या बाबतीत शब्द विद्यार्थ्याने पूर्वी शिकलेला असेल तर केवळ खूण, नसेल तर शुद्ध रूप.

### मूळ चूक व तिच्यातून निघालेल्या चुका

एका चुकीमुळे पुढील दोन-तीन शब्द चुकतात तेव्हा केवळ मूळ चूक मोजली जाते. तिच्यातून निघालेले शब्द अधोरेखित करून बाणाने मूळ चुकीशी जोडले जातात. *नह्र* स्त्रीलिंगी समजणारा विद्यार्थी विशेषण आणि सर्वनाम दोन्ही स्त्रीलिंगी लिहील. त्याचे अज्ञान एकाच गोष्टीचे आहे, आणि त्याने मेळाचा नियम खरे तर पाळलेला आहे.

### संधींच्या तुलनेत मोजणी

चुकांची नुसती बेरीज दिशाभूल करते. तीन ठिकाणी षष्ठी-संबंध वापरून दोन ठिकाणी चुकणारा आणि वीस ठिकाणी वापरून दोन ठिकाणी चुकणारा यांची बेरीज सारखीच येते. म्हणून प्रत्येक खुणेसाठी ती रचना किती ठिकाणी आली व त्यांपैकी किती ठिकाणी चुकली, असे दोन आकडे नोंदवले जातात. बहुतेक ठिकाणी बरोबर व क्वचित चूक असेल तर ती चूकभूल समजून तिच्याशेजारी केवळ टिंब दिले जाते. रचना एकदाच आली असेल तर निष्कर्ष काढला जात नाही.

## नमुना

पुढील सात वाक्यांचा उतारा ‘माझे गाव’ या विषयावर पद्धत स्पष्ट करण्यासाठी रचलेला आहे. चुकलेले शब्द ठळक आहेत.

1. क़र्यती यकूनु स़ग़ीरतुन. (माझे गाव लहान आहे.)
2. अन्-नह्रु क़रीबतुन मिन बैती, व माउहा बारिदुन. (नदी माझ्या घराजवळ आहे आणि तिचे पाणी थंड आहे.)
3. अल्-बाबु अल्-मद्रसति क़दीमुन. (शाळेचे दार जुने आहे.)
4. फ़ी मक्तबति अल्-मद्रसति कुतुबुन जदीदून. (शाळेच्या ग्रंथालयात नवी पुस्तके आहेत.)
5. सअल्तु इला अल्-मुदर्रिसि अ़न अल्-अर्द़ि. (मी शिक्षकांना अर्जाविषयी विचारले.)
6. अत़्-त़रीक़ु अल्-क़र्यति द़य्यिक़ुन. (गावाचा रस्ता अरुंद आहे.)
7. अन्-नासु हुना ग़ुरबाउ, व लाकिन्नहुम सुअ़दाउ. (येथील लोक गरीब आहेत, पण आनंदी आहेत.)

ठळक शब्द नऊ आहेत. दुसऱ्या वाक्यातील *क़रीबतुन* आणि *माउहा* यांचे मूळ एकच, म्हणजे *नह्र* या शब्दाचे लिंग. त्यामुळे मूळ चुका आठ ठरतात: *आ* एक, *मे* दोन, *जो* दोन, *वि* एक आणि *श* दोन. पहिल्या वाक्यात *यकूनु* हे पुल्लिंगी रूपही *क़र्या* या स्त्रीलिंगी शब्दाशी जुळत नाही. परंतु *यकूनु* काढताच तो प्रश्न उरत नाही, म्हणून त्याची वेगळी मोजणी नाही.

क्रियापदाविना येणारे नामवाक्य या उताऱ्यात आठ ठिकाणी अपेक्षित आहे आणि सात ठिकाणी ते अचूक साधले आहे. पहिल्या वाक्यातील *यकूनु* ही त्यामुळे चूकभूल ठरते व तिला टिंब दिले जाते. दोन नामांचा षष्ठी-संबंध तीन ठिकाणी आला असून दोन ठिकाणी पहिल्या पदाला *अल्-* लागले आहे. जे एक ठिकाण बरोबर आहे, ते *मक्तबति अल्-मद्रसति* हा पाठ्यपुस्तकांत एकत्रच भेटणारा शब्दसमूह आहे. तो पाठ असण्याची शक्यता असल्याने त्यावरून नियम कळला आहे असे मानता येत नाही. या निबंधात प्रथम हाताळावयाची चूक म्हणजे *जो*. मानवेतर अनेकवचन केवळ एकदा आले आहे. त्याविषयीचा निर्णय पुढील निबंधावर सोपविला जातो.

पाचवे वाक्य वरवर निर्दोष वाटू शकते. *इला* काढल्यावर त्याचा अर्थ ‘मी शिक्षकांना जमिनीविषयी विचारले’ असा होतो, आणि गावावरील निबंधात तो अगदी संभवनीय आहे. विद्यार्थ्याला विचारल्यावरच कळते की त्याच्या मनात मराठी ‘अर्ज’ होता. ऐनऐवजी हम्ज़ा लिहिल्यामुळे *अ़र्द़*चे *अर्द़* (जमीन) झाले, आणि ऐन लिहिला असता तरी *अ़र्द़* म्हणजे सादरीकरण. येथे *त़लब* हा शब्द लिहून द्यावा लागतो, व ऐनची बाब विद्यार्थ्याच्या चूकवहीत नोंदविली जाते. सातव्या वाक्यातही *ग़ुरबाउ* म्हणजे ‘परके’ हा अर्थ वाक्यात बसतो. ‘येथील लोक परके आहेत, पण आनंदी आहेत’ हे विधान अशक्य नाही. अभिप्रेत शब्द *फ़ुक़राउ* हा आहे.

दुरुस्त उतारा असा होतो: *क़र्यती स़ग़ीरतुन. अन्-नह्रु क़रीबुन मिन बैती, व माउहु बारिदुन. बाबु अल्-मद्रसति क़दीमुन. फ़ी मक्तबति अल्-मद्रसति कुतुबुन जदीदतुन. सअल्तु अल्-मुदर्रिस अ़न अत़्-त़लबि. त़रीक़ु अल्-क़र्यति द़य्यिक़ुन. अन्-नासु हुना फ़ुक़राउ, व लाकिन्नहुम सुअ़दाउ.*

## दुरुस्ती व पाठपुरावा

खुणांसह परत मिळालेला निबंध विद्यार्थी पुन्हा लिहितो. हे पुनर्लेखन खुणा ताज्या असताना, शक्यतो त्याच आठवड्यात करवून घेतले जाते. प्रत्येक विद्यार्थी एक चूकवही ठेवतो. तिच्यात खूण, चुकलेले वाक्य, शुद्ध वाक्य आणि स्वतःच्या शब्दांत कारण असे चार रकाने असतात. ‘पहिल्या शब्दाला *अल्-* लावले, कारण मनात ते दार ठरलेले होते’ असे कारण लिहू शकणारा विद्यार्थी पुढील निबंधात स्वतःच थांबून पाहतो.

पुनर्लेखन शुद्ध आले याचा अर्थ नियम पक्का झाला असा होत नाही, कारण खूण डोळ्यांसमोर असते. खरी कसोटी पुढील नव्या निबंधाची असते. त्यासाठी विषय असा निवडला जातो की चुकलेली रचना टाळता येऊ नये. षष्ठी-संबंध चुकणाऱ्याला ‘माझे कुटुंब’ हा विषय दिल्यास तो ‘माझा’, ‘माझी’ यांच्या प्रत्ययरूपांवर निभावून नेऊ शकतो. ‘शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता’ या विषयात मात्र दोन नामांचे संबंध पदोपदी येतात. रचना टाळल्यामुळे न झालेली चूक ही सुधारणा नव्हे, म्हणूनही संधींची मोजणी आवश्यक ठरते.

## मर्यादा

अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहिले जात नाहीत. त्यामुळे विभक्तीच्या बहुतांश चुका कागदावर दिसतच नाहीत. *बाबु* आणि *बाबि* एकसारखेच लिहिले जातात. विभक्ती दृश्य होते ती मोजक्या ठिकाणी: द्विवचनात, *मुदर्रिसून* व *मुदर्रिसीन* यांसारख्या नियमित अनेकवचनात, *अब* (वडील), *अख़* (भाऊ) आदी पाच नामांत, आणि *कान अल्-बैतु कबीरन* यातील *अन*साठी लिहिल्या जाणाऱ्या अलिफ़मध्ये. निबंधातील *वि* या खुणेची मोजणी म्हणून अशा ठिकाणांपुरती व अव्ययांपुरतीच अर्थपूर्ण असते. उरलेली विभक्ती तपासण्यासाठी निबंध मोठ्याने वाचून घ्यावा लागतो.

प्रत्येक चुकीचे मूळ मराठीतच असते असेही नाही. मानवेतर अनेकवचनाचा मेळ आणि षष्ठी-संबंधातील अतिरिक्त उपपद या चुका इतर मातृभाषांचे विद्यार्थीही करतात. मराठीचा प्रभाव ठरविण्यासाठी वर दिलेल्या सकर्मक-अकर्मक भेदासारखी कसोटी लागते.

चुका खुणावण्याच्या उपयुक्ततेबद्दलही मतभेद आहेत. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली परभाषेतील लेखनाच्या व्याकरणदुरुस्तीने सुधारणा होत नाही व ती सोडून द्यावी असे प्रतिपादन केले. डॅना फेरिस यांनी १९९९ साली त्यास उत्तर देताना नियमबद्ध, म्हणजे विद्यार्थ्याला स्वतः दुरुस्त करता येण्याजोग्या चुका आणि तशा नसलेल्या चुका यांत भेद करण्याचे महत्त्व मांडले. वरील पद्धतीत *जो*, *मे* यांसाठी केवळ खूण आणि *श*साठी प्रत्यक्ष शब्द देण्याची विभागणी याच भेदावर उभी आहे.

## हेही पहा

* अरबी भाषा
* अरबी लिपी
* मराठी व्याकरण
* मराठीतील फारसी-अरबी शब्द